पेंटेकॉस्टच्या दिवशी कोण आलं?

प्रश्न: ख्रिस्ती लोक ‘पवित्र आत्मा’ म्हणतात तेव्हा ते नक्की कोणाबद्दल बोलतात? येशूचा मरणानंतरचा आत्मा, की देवाची शक्ती? आणि पेंटेकॉस्ट हा पवित्र आत्म्याचा सण असेल, तर तो त्या दिवशी जन्मला असं मानतात का?

आधी सरळ उत्तर देतो, मग ते कुठून येतं ते सांगतो. ख्रिस्ती विश्वासानुसार देव एकच आहे आणि तो पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींमध्ये आहे. पवित्र आत्मा ही त्यातली तिसरी व्यक्ती. तो येशूच्या मृत्यूनंतर मागे राहिलेला आत्मा नाही, आणि देवाकडून सुटणारी निनावी शक्तीही नाही. पेंटेकॉस्टला त्याचा जन्म साजरा होत नाही, कारण ख्रिस्ती श्रद्धेत तो अनादी आहे. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी यरुशलेममध्ये तो शिष्यांवर उतरला, त्या घटनेचं हे स्मरण आहे.

मी बरीच वर्षं बाप्तिस्म्याची किंवा दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीची, तयारी करणाऱ्या प्रौढांना धर्मशिक्षण देतो. तुमचे दोन्ही प्रश्न तिथेही जोडीनेच येतात, कारण गोंधळाचं मूळ एकच असतं. पवित्र आत्म्याला शक्ती मानलं की पेंटेकॉस्ट हा ‘शक्ती वाटली गेली तो दिवस’ होतो, आणि मग माणूस मला किती मिळाली, त्याला किती मिळाली याचा हिशेब करू लागतो. तो कोणीतरी आहे असं मानलं की प्रश्नच बदलतात: तो कोणी पाठवला, कशासाठी आला, काय बोलला? म्हणून मी वर्गात त्रैक्याच्या, म्हणजे एकाच देवातल्या तीन व्यक्तींच्या, व्याख्येपासून सुरुवात करत नाही. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक उघडतो आणि दुसरा अध्याय सावकाश वाचायला लावतो.

त्याआधी एक पार्श्वभूमी हवी. पेंटेकॉस्ट हा सण ख्रिस्ती लोकांनी शून्यातून निर्माण केला नाही. तो ज्यू लोकांचा सप्ताहांचा सण. वल्हांडण या ज्यू सणाच्या सुमारास जवाच्या पहिल्या पिकाची पेंढी देवाला अर्पण करायची, तिथून सात आठवडे मोजायचे, आणि पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या नव्या पिठाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण करायच्या, असं लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात सांगितलं आहे. ग्रीक बोलणारे ज्यू या पन्नासाव्या दिवसालाच पेंटेकॉस्ट म्हणत. पुढे ज्यू परंपरेत हाच दिवस सिनाय पर्वतावर मोशेला नियमशास्त्र मिळाल्याचा दिवस म्हणूनही पाळला जाऊ लागला. आपल्या कथेसाठी महत्त्वाची गोष्ट ही की ज्या तीन सणांना पुरुषांनी मंदिरात हजर व्हायचं त्यातला हा एक होता. त्यामुळे त्या दिवशी यरुशलेम दूरदूरच्या यात्रेकरूंनी भरलेलं होतं. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचा भाषांचा प्रसंग आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

आता प्रसंग पाहू. येशूला क्रुसावर दिलं ते वल्हांडणाच्या दिवसांत. तिसऱ्या दिवशी तो उठला. चाळीस दिवस तो शिष्यांना दिसत राहिला आणि मग स्वर्गात घेतला गेला. जाण्याआधी त्याने त्यांना बजावलं होतं की यरुशलेम सोडू नका, पित्याने जे वचन दिलं आहे त्याची वाट पाहा. हे लोक मग दहाएक दिवस प्रार्थना करत थांबले. आदल्या अध्यायात हा जमाव सुमारे 120 जणांचा सांगितला आहे, आणि त्यात येशूची आई मरिया आणि इतर स्त्रियाही आहेत.

पन्नासाव्या दिवशी सकाळी ते एकत्र असताना आकाशातून मोठ्या वाऱ्याच्या सुसाट्यासारखा नाद झाला आणि घर भरून गेलं. अग्नीच्या जिभांसारखं काही विभागलं जाताना दिसलं आणि प्रत्येकावर एकेक बसलं. ते सगळे पवित्र आत्म्याने भरले आणि इतर भाषांतून बोलू लागले.

इथे मी वर्गात थांबतो आणि विचारतो, त्या घरात वारा शिरला का? आग लागली का? बहुतेक जण पहिल्यांदा ‘हो’ म्हणतात, मग पुन्हा वाचतात. या पुस्तकाचा लेखक लूक वाऱ्या‘सारखा’ नाद म्हणतो, जिभां‘सारखं’ काही म्हणतो. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आत्मा कबुतरा‘सारखा’ उतरला, तिथेही तीच काळजी आहे. ही चिन्हं आहेत. सिनाय पर्वतावर देव उतरला तेव्हाही अग्नी आणि गडगडाट होता, त्यामुळे ज्यू वाचकाला हा इशारा लगेच कळतो: इथे देव स्वतः हजर आहे. पण वारा म्हणजे आत्मा नाही, आणि चित्रांत दाखवतात ते कबूतरही आत्मा नाही. चित्राला काहीतरी आकार द्यावाच लागतो, म्हणून कबूतर. ख्रिस्ती श्रद्धेत देह धारण केला तो पुत्राने. आत्म्याने देह धारण केलेला नाही.

नाद ऐकून बाहेर गर्दी जमते. पार्थी, मेदी, एलामी, मेसोपोटेमियात राहणारे, कप्पदुकिया, पंत, फ्रुगिया, मिसर, रोमहून आलेले, क्रेतीय, अरब अशी लांबलचक यादी आहे. ते चकित होतात, कारण हे गालीलकर बोलतायत आणि आम्हाला मात्र आमच्या जन्मभाषेत देवाची महत्कृत्यं ऐकू येतायत. काही टवाळखोर म्हणतात, हे नव्या द्राक्षारसाने झिंगलेत. त्यावर येशूचा शिष्य पेत्र बाकीच्या अकरा प्रेषितांसह उभा राहतो आणि म्हणतो की बाबांनो, आत्ता तर सकाळचे नऊच वाजलेत.

बरेच जण इथवर वाचतात आणि पुस्तक मिटतात, कारण नवल संपलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र यापुढे, पेत्राच्या भाषणात आहे. तो आधी योएल संदेष्ट्याचं वचन आठवतो: शेवटल्या दिवसांत देव आपल्या आत्म्याचा वर्षाव सगळ्यांवर करील, मुलगे आणि मुली संदेश देतील, तरुणांना दृष्टान्त होतील, म्हाताऱ्यांना स्वप्नं पडतील, दासदासींवरही वर्षाव होईल. मग तो येशूबद्दल बोलतो आणि 33 व्या वचनात त्याचा मुद्दा येतो. त्याचा आशय असा: देवाने येशूला आपल्या उजव्या हाताशी उंच केलं, येशूला पित्याकडून पवित्र आत्म्याविषयीचं वचन प्राप्त झालं, आणि तुम्ही जे पाहता व ऐकता त्याचा वर्षाव येशूनेच केला आहे.

हे वचन मी लोकांना तीन वेळा वाचायला सांगतो. एका वाक्यात पिता आहे, येशू आहे आणि पवित्र आत्मा आहे, आणि तिघांची गल्लत होत नाही. पिता देतो, पुत्र स्वीकारून पाठवतो, आत्मा येतो. तुम्ही विचारलेला पहिला पर्याय, म्हणजे येशूचा मरणानंतरचा आत्मा, इथेच बाद होतो. पेत्राच्या म्हणण्यानुसार येशू मेलेला राहिलाच नाही. तो देहासह उठला आणि जिवंत आहे, आणि जिवंत असलेलाच दुसऱ्या कोणाला तरी पाठवतो आहे. नव्या करारात क्वचित ‘ख्रिस्ताचा आत्मा’ असा शब्दप्रयोग येतो, त्याचा अर्थही ख्रिस्ताने पाठवलेला, त्याच्याशी एकरूप असलेला आत्मा असाच घेतला जातो.

दुसरा पर्याय, शक्ती. यात थोडं तथ्य आहे, कारण येशूने स्वतःच म्हटलं होतं की पवित्र आत्मा तुमच्यावर येईल तेव्हा तुम्हाला सामर्थ्य मिळेल. पण सामर्थ्य मिळतं ते तो आल्यामुळे. तो म्हणजे सामर्थ्य नाही. हे कशावरून म्हणायचं? त्याच पुस्तकात पुढे पाहा. 13 व्या अध्यायात अंत्युखियाच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, पवित्र आत्मा बोलतो: बर्णबा आणि शौल यांना ‘माझ्यासाठी’ वेगळे करा. 15 व्या अध्यायात यरुशलेमच्या सभेचं पत्र आहे, त्यात ‘पवित्र आत्म्याला व आम्हाला योग्य वाटलं’ असं लिहिलं आहे. पाचव्या अध्यायात हनन्या जमिनीच्या पैशांतला काही भाग लपवतो, तेव्हा पेत्र त्याला विचारतो की तू पवित्र आत्म्याशी खोटं का बोललास, आणि पुढच्याच वाक्यात म्हणतो की तू माणसांशी नाही, देवाशी खोटं बोललास. खोटं बोलायचं तर समोर कोणीतरी लागतं. शौल, म्हणजेच पौल, इफिसकरांना पत्रात सांगतो की पवित्र आत्म्याला खिन्न करू नका. शक्ती खिन्न होत नाही. आणि योहानाच्या शुभवर्तमानात अखेरच्या भोजनाच्या वेळी येशू त्याला ‘दुसरा कैवारी’ म्हणतो, जो शिकवील, आठवण करून देईल, साक्ष देईल.

म्हणजे तो कोणीतरी आहे आणि त्याच्याशी खोटं बोलणं हे देवाशी खोटं बोलणं आहे. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की पुढचा पेच दिसतो: मग देव किती? हा पेच सुटायला मंडळीला तीन शतकांहून अधिक काळ लागला, आणि तो वाद कसा मिटला हे जाणून घेण्यासारखं आहे.

इ.स. 325 मध्ये निकिया इथे झालेल्या सभेत भर होता तो पुत्र हा खरोखर देव आहे की नाही यावर. तिथल्या विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या ठरलेल्या जाहीर विधानात, पवित्र आत्म्याबद्दल एवढंच आलं की आम्ही त्याच्यावरही विश्वास ठेवतो. पुढच्या पन्नास वर्षांत काही जण म्हणू लागले की पुत्र देव आहे हे मान्य, पण आत्मा हा सेवक, फार तर श्रेष्ठ देवदूतासारखा. कप्पदुकियातल्या कैसरियाचा बिशप बासिल याच्यावर तर उपासनेतल्या एका वाक्यावरून आक्षेप आला. पित्याला ‘पुत्राद्वारे, पवित्र आत्म्यामध्ये’ गौरव असो, ही रूढ स्तुती. बासिल त्याबरोबरच ‘पुत्रासह, पवित्र आत्म्यासह’ असंही म्हणायचा. टीकाकार म्हणाले की यातून तू आत्म्याला पित्याच्या बरोबरीला बसवतोस. बासिलने याच्या उत्तरादाखल पवित्र आत्म्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. त्याचा युक्तिवाद मला आजही सर्वात पटणारा वाटतो: येशूच्या आज्ञेवरून आपण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो. तिघांना एकाच ओळीत, एकाच नावाखाली ठेवून ज्याचं तारण झालं, त्याने उपासनेत तिसऱ्याला खाली ढकलायचं कसं? देवाशी जोडणारा स्वतः देव नसेल तर जोडलं कोणाशी गेलं?

बासिल 379 च्या सुमारास वारला. 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने ती भूमिका विश्वासांगीकाराच्या शब्दांत घातली: पवित्र आत्मा प्रभू आहे, जीवन देणारा आहे, पित्यापासून निघतो, पिता व पुत्र यांच्याबरोबर त्याची आराधना व गौरव होतो, आणि तो संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला. आजही बहुसंख्य मंडळ्या उपासनेत हेच म्हणतात. यातला शेवटचा भाग तुमच्या ‘जन्मला का’ या प्रश्नाचं उत्तर आहे. संदेष्टे येशूच्या शेकडो वर्षं आधीचे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाचा आत्मा पाण्यावर आहे. निर्गममध्ये बसालेल नावाचा कारागीर निवासमंडपाच्या कोरीव कामासाठी देवाच्या आत्म्याने भरला जातो. स्तोत्र 51 मध्ये दावीद विनवतो की तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नकोस. पेंटेकॉस्टला नवं झालं ते हे: पूर्वी आत्मा एखाद्या राजाला, संदेष्ट्याला, कारागिराला विशिष्ट कामासाठी मिळे, आता तो सगळ्या समुदायावर आला, दासदासींसकट, आणि राहायला आला. म्हणूनच या दिवसाला मंडळीचा जन्मदिवस म्हणतात. जन्म मंडळीचा, आत्म्याचा नव्हे.

त्रैक्य समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ हे उदाहरण तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ते वापरू नका. तेच पाणी एकदा बर्फ होतं, एकदा वाफ होतं. म्हणजे एकच देव पाळीपाळीने तीन रूपं घेतो असा अर्थ निघतो, आणि हे मत मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारलं होतं. येशूच्या बाप्तिस्म्यात पुत्र पाण्यात उभा आहे, आत्मा उतरतो आहे आणि पित्याची वाणी ऐकू येते, हे सगळं एकाच वेळी. कुठलंही उदाहरण या तिघांना पूर्ण बसत नाही.

आता मंडळ्यांनुसार काय बदलतं ते सांगायला हवं, नाहीतर कोणी ख्रिस्ती माणूस तुम्हाला वेगळंच सांगेल आणि तुम्ही गोंधळाल. पवित्र आत्मा देव आहे आणि व्यक्ती आहे, यावर कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एकमत आहेत. यहोवाचे साक्षीदार हे मानत नाहीत. त्यांच्या शिकवणीत ती देवाची कार्यकारी शक्ती आहे. त्रैक्य मानणाऱ्यांतही जुना वाद आहे: पश्चिमेच्या मंडळीने विश्वासांगीकारात आत्मा पित्यापासून ‘आणि पुत्रापासून’ निघतो असे शब्द घातले, रोममध्ये ते 1014 मध्ये गायले गेले, आणि पूर्वेच्या मंडळ्यांनी ते कधीच स्वीकारले नाहीत. दोन्ही बाजू त्याला देवच मानतात, हे मात्र विसरू नये.

अन्य भाषांबद्दलचा मतभेद रोजच्या जगण्याला जास्त भिडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, विशेषतः लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटवरच्या 1906 च्या जागृतीनंतर, पेंटेकॉस्टल चळवळ जगभर पसरली. तिच्यातल्या बऱ्याच मंडळ्या अन्य भाषांत बोलणं हे आत्म्याचा बाप्तिस्मा झाल्याचं पहिलं चिन्ह मानतात. इतर मंडळ्या तसं मानत नाहीत. माझ्याकडे दृढीकरणाच्या तयारीला येणारे काही जण अगदी रडवेले होऊन विचारतात की मला भाषा बोलता येत नाहीत, म्हणजे मला आत्मा मिळालाच नाही का? मी त्यांच्यासमोर दोन उतारे शेजारी ठेवतो. यरुशलेममध्ये ऐकणाऱ्यांना आपापल्या भाषेत कळत होतं, दुभाषा लागला नाही. करिंथच्या मंडळीत मात्र जे बोललं जाई ते कोणाला कळत नसे, म्हणून पौल लिहितो की फार तर दोघातिघांनी, पाळीपाळीने बोलावं, एकाने अर्थ सांगावा, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. त्याच पत्रात तो विचारतो की सगळेच अन्य भाषा बोलतात काय, आणि अपेक्षित उत्तर ‘नाही’ असंच आहे. आत्मा आपल्या इच्छेप्रमाणे दानं वाटतो, असंही त्याच ठिकाणी आहे. मी स्वतः भाषांच्या दानाची थट्टा करत नाही. प्रार्थनेत त्याने आधार मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. पण त्याला प्रवेशपत्रिका करणं मला पौलाच्या लिखाणाशी जुळणारं वाटत नाही.

तारखेबद्दल थोडक्यात. पुनरुत्थानाचा रविवार पहिला धरून पन्नासावा दिवस, म्हणून पेंटेकॉस्ट नेहमी रविवारीच येतो. 2026 मध्ये पाश्चात्त्य पंचांगाप्रमाणे ईस्टर 5 एप्रिलला, म्हणजे चाळिसावा दिवस, स्वर्गारोहण, 14 मेला आणि पेंटेकॉस्ट 24 मेला. ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा ईस्टर त्या वर्षी 12 एप्रिलला, म्हणून त्यांचा पेंटेकॉस्ट 31 मेला. कॅथलिक आणि बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चमध्ये त्या दिवशी वेदीवर आणि धर्मगुरूंच्या झग्यावर लाल रंग दिसतो, तो त्या अग्नीच्या जिभांचा.

राहता राहिलं ते हे की आत्मा आला हे ओळखायचं कसं. लूकने अध्यायाचा शेवट चमत्कारावर केलेला नाही. पेत्राचं बोलणं ऐकून लोकांच्या काळजाला घरं पडतात, ते विचारतात आम्ही काय करावं, तो म्हणतो पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, तुम्हालाही पवित्र आत्म्याचं दान मिळेल. त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं मिळाली. आणि मग ती काय करत होती? प्रेषितांचं शिक्षण ऐकत होती, एकत्र राहत होती, भाकर मोडत होती, प्रार्थना करत होती, मालमत्ता विकून ज्याला जशी गरज तसं वाटून देत होती. पौल गलतीकरांना आत्म्याच्या फळाची यादी देतो, ती अशी: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. वर्गातलं कोणी मला आपला अनुभव सांगतं तेव्हा मी ही यादी समोर ठेवतो आणि विचारतो की घरच्या माणसांना तुमच्यात यातलं काही वाढलेलं दिसतंय का.